कोणत्या विमानतळावरून उडायचे? एका सांगलीकराचा हिशेब

सांगलीच्या विश्रामबागेतले एक काका-काकू. मुलगा फ्रँकफर्टला नोकरीला आहे आणि डिसेंबरात त्यांना तिकडे जायचे आहे. सांगलीला विमानतळ नाही. कवलापूरला ब्रिटिशांच्या काळातली धावपट्टी आहे, पण तिची चर्चा निवडणुकीच्या आसपास होते आणि नंतर विरते. तेव्हा पहिला प्रश्न असा की विमानात बसायचे कुठून. या प्रश्नाला प्रत्येकाकडे तयार उत्तर असते. शेजारी म्हणतो मुंबई, कारण त्याचा भाऊ तिथूनच गेला होता. तिकीट काढून देणारा म्हणतो पुणे. कोल्हापूरचा मेहुणा म्हणतो, आमचा विमानतळ दारात असताना कशाला हिंडताय?

चूक कोणाचीच नाही. तरी या उत्तरांना तसा अर्थ नाही, कारण ती सगळी अंतरावर नाहीतर भाड्यावर बेतलेली आहेत. लहान गावातून निघणाऱ्याचा प्रवास दोन-तीन तुकड्यांचा असतो: घर ते स्टेशन, स्टेशन ते विमानतळ, एक विमान, मग दुसरे विमान. असा प्रवास बिघडतो तो बहुतेक वेळा जोडावर बिघडतो. म्हणून विमानतळ निवडताना आधी बघायचे ते हे, की जोड किती आहेत, त्यातला कच्चा कोणता, आणि तो तुटला तर निस्तरायचे कोणी. भाडे त्यानंतर.

आधी रस्ते मोजून घेऊ. फ्रँकफर्टला थेट विमान मुंबईहून आहे, दिल्लीहून आहे, बंगळुरूहून आहे आणि जानेवारी २०२४ पासून लुफ्तान्साचे हैदराबादहूनही आहे. यांपैकी मुंबई सांगलीहून रस्त्याने सुमारे ३८० किलोमीटर, आणि तिथे रेल्वेनेही जाता येते. हैदराबाद आणि बंगळुरूला कोल्हापूर किंवा बेळगावच्या लहान विमानतळावरून छोट्या विमानाने जाता येते. दिल्लीसाठी पुणे गाठायचे आणि तिथून दिल्ली. पुण्याहून किंवा गोव्याहून आखाती देशांत उतरून पुढे जाण्याचा मार्गही आहे, पण तो भाडे फारच कमी असेल तेव्हाचा. साठी उलटलेल्या माणसांना मध्यरात्री परक्या विमानतळावर बसवून ठेवण्याइतकी बचत क्वचितच होते. तो बाजूला ठेवू.

आता घड्याळ. भारतातून युरोपला जाणारी बरीचशी विमाने मध्यरात्रीनंतर, एक ते तीनच्या दरम्यान सुटतात. यात पहिला घोळ तारखेचा. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ०२:३० असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री हजर व्हायचे. हे वाचताना बाळबोध वाटते, पण १५ च्या रात्री सामान बांधून निघालेली माणसे असतात आणि त्यांना काउंटरवर कळते की आपले विमान कालच गेले. दुसरी गोष्ट अधिक कामाची. रात्री अडीचचे विमान म्हणजे आदला अख्खा दिवस हातात असतो. म्हणून घरून निघण्याची वेळ पुढून नव्हे, मागून मोजायची.

मुंबईचा हिशेब करून बघू. विमान रात्री अडीचला. सामान घेणारा काउंटर सुटण्याआधी साधारण तासभर बंद होतो, म्हणजे दीडला. रांग, वजन, पारपत्र तपासणी, सुरक्षा हे धरून विमानतळावर साडेदहा ते अकराच्या दरम्यान पोचलेले बरे. आता मागे चला. कोल्हापूर-मुंबई मार्गावर सांगलीकरांच्या ओळखीच्या दोन गाड्या आहेत. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची आणि कोयना एक्स्प्रेस दिवसाची. परदेशी जाणारा माणूस सवयीने महालक्ष्मी धरतो, कारण मुंबईचे काम म्हटले की महालक्ष्मी हे आपल्याकडे ठरलेलेच. पण ती सकाळी सात-साडेसातच्या सुमारास मुंबईत सोडते. विमान रात्री अडीचला. मधले एकोणीस तास चार बॅगा घेऊन काढायचे कुठे? नातेवाईक असेल तर ठीक, नाहीतर हॉटेलची एक खोली घ्यावी लागते आणि स्वस्तातला रेल्वेप्रवास स्वस्त राहत नाही.

कोयना सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास सांगलीहून निघते आणि रात्री आठच्या आसपास मुंबईत पोचते. अडीचच्या विमानाला ही गाडी मुद्दाम लावल्यासारखी बसते. आठला पोचली तर विमानतळावर नऊ-सव्वानऊ. दोन तास उशीर झाला तरी सव्वाअकरा. तीन तास झाला तर सव्वाबारा, म्हणजे धावपळ होईल पण विमान चुकणार नाही. यालाच मी मोकळीक म्हणतो: जोडात किती उशीर पचतो तो आकडा. या जोडात तीन तास पचतात. मग बघायचे एवढेच की गाडी तीन तासांहून जास्त उशीर कितीदा करते. रेल्वेच्या NTES या अॅपवर गाडीची चालू स्थिती दिसते. प्रवासाआधी दहा-पंधरा दिवस रोज संध्याकाळी ती दादरला किती वाजता लागली हे नुसते बघून ठेवले तरी पुरे. कुणाच्या अनुभवावर विसंबण्यापेक्षा हे बरे.

मुंबईत उतरल्यावरचा तुकडा आता पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि तिला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ स्थानक आहे, तसेच विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलजवळही. त्यामुळे दादरला उतरून संध्याकाळच्या लोकलच्या गर्दीत बॅगा घुसवण्याचा उद्योग करू नये. शेवटपर्यंत सीएसएमटीला जावे, तिथून लिफ्टने खाली उतरून मेट्रो धरावी. मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते हे मात्र ध्यानात असू द्या. कोयना दोन-अडीच तास उशिरा आली तर टॅक्सीला पर्याय नाही, आणि त्या परिस्थितीत दादरलाच उतरून टॅक्सी करणे शहाणपणाचे.

रेल्वेच्या या मार्गात एक अडचण आहे जी मोठ्या शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. विमानाचे तिकीट दहा-अकरा महिने आधी मिळते. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून फक्त साठ दिवस आधी उघडते. म्हणजे काका-काकूंनी डिसेंबरचे विमान जूनमध्ये काढले तर कोयनेचे तिकीट ऑक्टोबरात काढायचे, आणि ते पक्के मिळेलच असे नाही. प्रतीक्षा यादीतले ई-तिकीट तक्ता लागेपर्यंत पक्के झाले नाही तर आपोआप रद्द होते, पैसे परत येतात, आणि आपण निघण्याच्या आदल्या रात्री बिनगाडीचे राहतो. म्हणून विमानतळ निवडताना खर्च रस्त्याचाच धरावा. साठाव्या दिवशी सकाळी आठला आरक्षण उघडते, तेव्हा पक्की जागा मिळाली तर तेवढी बचत. नाही मिळाली तर हिशेब बिघडत नाही.

रस्त्याचा खर्च धरताना लोक एक गोष्ट विसरतात. भाड्याची गाडी तुम्हाला सोडून रिकामी परत येते, आणि गाडीवाला दोन्ही बाजूंचे किलोमीटर लावतो. मुंबईचे ३८० म्हणजे ७६०. किलोमीटरला १४ रुपये धरले तर दहा हजार सहाशेच्या वर, शिवाय टोल आणि चालकाचा रात्रीचा भत्ता. परतीला पुन्हा तेवढेच. मुंबईचे विमान कोल्हापूरमार्गे जाणाऱ्या विमानापेक्षा पंधरा हजारांनी स्वस्त दिसत असेल तर ते दोघांच्या प्रवासात खरोखर स्वस्त आहे का, हे या बेरजेशिवाय कळत नाही. आणि घरचे सोडायला म्हणून मोठी गाडी भरून निघाले, की हा आकडा आणखी वर जातो. पण तो खर्च हौसेच्या खात्यावर टाकायचा.

वेळेचा भाग असा. सांगलीहून आष्टा, पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, पुण्याचा बाह्यवळण मार्ग आणि मग द्रुतगती मार्ग. नकाशा सात तास दाखवतो. मी नऊ धरतो, जेवण आणि चहा धरून. या रस्त्यावर तीन अडकण्याच्या जागा आहेत: खंबाटकी घाट, नवले पूल ते वाकड हा पुण्याचा पट्टा, आणि खंडाळ्याचा घाट. दुपारी एकला निघालेली गाडी पुण्याच्या पट्ट्यात नेमकी संध्याकाळी साडेपाच-सहाला, कार्यालये सुटण्याच्या वेळी शिरते. एकऐवजी अकराला निघाले तर हा पट्टा साडेतीन-चारला पार होतो आणि तास-दीड तास सहज वाचतो. रविवारी तर संध्याकाळी लोणावळ्याहून मुंबईला परतणारी सगळी गर्दी घाटात असते. रविवारच्या रात्रीचे विमान असेल तर सकाळीच निघावे; विमानतळावर बसून कंटाळणे घाटात बसून घाबरण्यापेक्षा बरे.

आता कोल्हापूर. उजळाईवाडीचा विमानतळ सांगलीहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, सव्वा-दीड तासाचा. तिथून हैदराबाद आणि बंगळुरूला छोटी विमाने जातात. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते, पण तत्त्व तेच: दिवसाउजेडी हैदराबादला उतरायचे, शमशाबादच्या त्याच विमानतळावर थांबायचे, रात्री पुढचे विमान. कागदावर हे मुंबईपेक्षा सुखाचे दिसते. ना घाट, ना लोकल, ना नवले पूल.

पण इथे जोड बघा. कोल्हापूर-हैदराबाद हे एका कंपनीचे विमान आणि हैदराबाद-फ्रँकफर्ट दुसऱ्या कंपनीचे. दोन्ही एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच PNR मध्ये, मिळतात का हे आधी तपासायला हवे. कारण सगळा फरक तिथे पडतो. एका तिकिटावर दोन्ही विमाने असतील तर पहिले उशिरा आल्यामुळे दुसरे चुकले, तरी तुम्हाला मुक्कामी पोचवण्याची जबाबदारी तिकीट देणाऱ्या कंपनीची. ती पुढच्या विमानात जागा करून देते. सामानही कोल्हापूरला दिले की थेट फ्रँकफर्टला मिळते. तिकिटे वेगवेगळी असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. का आला नाहीत याच्याशी तिचा संबंध नाही. तिकीट बुडाले, आणि आयत्या वेळी घेतलेले नवे तिकीट मूळच्या दीडपट-दुप्पट पडले तरी नवल नाही.

एका तिकिटावरच्या जोडाला किती वेळ लागतो हे विमानतळाने ठरवलेले असते. त्याला किमान जोडवेळ म्हणता येईल. त्याहून कमी अंतराची विमाने संगणक जोडून विकतच नाही. दोन तिकिटे आपण स्वतः जोडतो तेव्हा ही काळजी घेणारा कोणी नसतो. किमान वेळ आपणच ठरवायची. माझा नियम असा की लहान विमानतळावरून येणारे विमान आणि परदेशी विमान वेगळ्या तिकिटांवर असेल तर मध्ये किमान सहा तास हवेत. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पहिले विमान रद्दच झाले तर दुसऱ्यापर्यंत पोचण्याचा दुसरा रस्ता हवा. मुंबई-दिल्ली मार्गावर एक विमान रद्द झाले तर तासाभरात दुसरे असते. कोल्हापूर-हैदराबादचे गेले तर पुढचे बहुधा उद्या.

या दुसऱ्या रस्त्याचा हिशेबही करता येतो. समजा कोल्हापूरचे विमान दुपारी बाराला सुटायचे होते आणि साडेअकराला ते रद्द झाल्याचे कळले. हैदराबाद रस्त्याने सोलापूरमार्गे सुमारे पाचशे किलोमीटर, नऊ-दहा तास. कोल्हापूरहून उलटे फिरून यायचे म्हणून आणखी सव्वा-दीड तास. बाराला निघाले तर रात्री साडेदहा-साडेअकराला शमशाबाद. रात्री दोनचे विमान अजून गाठता येते, जेमतेम. म्हणजे जोड वाचू शकतो, पण त्यासाठी ओळखीच्या गाडीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलेले हवे. तेच कोल्हापूरचे विमान संध्याकाळी पाचचे असते तर हा दुसरा रस्ता उरलाच नसता. म्हणून वेगळ्या तिकिटांवर लहान विमानतळ वापरायचा असेल तर सकाळचे किंवा दुपारचे विमान घ्यावे, संध्याकाळचे नाही, भले मग हैदराबादला दहा तास बसावे लागले तरी.

वजनाचे गणित हा या मार्गाचा दुसरा काटा. परदेशी विमानात साधारण भाड्यात प्रत्येकी २३ किलोची एक बॅग चालते, दोघांचे ४६ किलो. देशांतर्गत विमानात वेगळ्या तिकिटावर प्रत्येकी १५ किलो, दोघांचे ३०. उरलेल्या सोळा किलोंचे काय? त्यात भडंग आहे, मेतकूट आहे, लोणच्याची बरणी आहे, मुलाने सांगितलेला कुकर आहे. जास्तीच्या वजनाचे पैसे किलोवर लागतात. ते आधी घरी बसून भरले तर कमी, काउंटरवर भरले तर जास्त. एकाच तिकिटावर असेल तर बहुतेक वेळा परदेशी प्रवासाची मर्यादा पहिल्या विमानालाही लागू होते. तिकिटावर वजन प्रत्येक टप्प्यापुढे छापलेले असते, ते वाचावे. छोट्या विमानात वरचा कप्पाही लहान असतो, त्यामुळे मोठ्या विमानात सहज मावणारी हातातली चाकाची बॅग शिडीपाशी काढून घेतात आणि खाली ठेवतात. औषधे, पारपत्र, दागिने अशा बॅगेत असतील तर ते आधीच काढून घ्यावे.

आणि पाऊस. हा लेख डिसेंबरच्या प्रवासाचा आहे म्हणून कोल्हापूर यादीत टिकून आहे. जुलै-ऑगस्ट असता तर मी ते नाव आधीच खोडले असते. लहान विमानतळांवर कमी दृश्यमानतेत उतरवणाऱ्या सोयी मोठ्या विमानतळांइतक्या नसतात, त्यामुळे ढग खाली आले की विमान घिरट्या घालते, दुसरीकडे वळते किंवा निघतच नाही. शिवाय सांगलीहून उजळाईवाडीला जाताना दोन नद्या ओलांडाव्या लागतात: अंकलीला कृष्णा आणि शिरोलीला पंचगंगा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुणे-बंगळुरू वाहतूक काही दिवस बंद पडली. विमानतळ कोरडा असून उपयोग नाही, तिथवर जायला नको का?

पावसात रेल्वेची तरी खात्री असते असेही नाही. मुंबईहून निघालेली हीच महालक्ष्मी एक्स्प्रेस २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. पावसाळ्यात परदेशी जायचे असेल तर मी सांगलीकराला एकच सांगेन: आदल्या दिवशीच मुंबईत किंवा पुण्यात पोचून मुक्काम करा. एका रात्रीचे भाडे हा त्या मोसमातला विमा आहे.

डिसेंबरला धुक्याची अडचण आहे, पण ती दिल्लीची. पुणे-दिल्ली-फ्रँकफर्ट हा मार्ग एअर इंडियाच्या एका तिकिटावर मिळतो. सामान पुण्याला द्यायचे, बोर्डिंग पास दोन्ही घ्यायचे, दिल्लीला पारपत्र तपासणी करून पुढे बसायचे. जोड कंपनीच्या अंगावर. सांगलीकराकडे एकच जोड उरतो, तो म्हणजे सांगली ते लोहगाव, सुमारे २३५-२४० किलोमीटर. मुंबईपेक्षा दीडशे किलोमीटर कमी आणि खंडाळ्याचा घाट नाही. वंदे भारत, कोयना, महालक्ष्मी यांपैकी वेळेला जमेल ती गाडीही पुण्यापर्यंत घेता येते. पुणे स्टेशन ते लोहगाव दहा किलोमीटरच्या आत आहे. वंदे भारत रोज नसते, आठवड्यातले तिचे दिवस आधी बघावे. मार्च किंवा ऑक्टोबरचा प्रवास असता तर मी काका-काकूंना डोळे झाकून हाच मार्ग सांगितला असता.

पण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत दिल्लीत पहाटेचे धुके पडते. तिथे दाट धुक्यात उतरण्याची यंत्रणा आहे, तरी विमाने एकामागून एक जास्त अंतर ठेवून सोडावी लागतात आणि सकाळचे सगळे वेळापत्रक सरकते. एका तिकिटामुळे पैसे बुडत नाहीत हे खरे. पण हवामानाच्या कारणाने झालेल्या उशिराची नुकसानभरपाई मिळत नाही, आणि साठी उलटलेली माणसे दिल्लीत वीस तास अडकली तर पैसे वाचल्याचा आनंद कोणाला होणार? दिल्लीचा जोड दुपारी किंवा संध्याकाळी पडत असेल तर हा धोका बराच उतरतो. धुके बहुधा रात्री उशिरा ते सकाळी नऊ-दहापर्यंतचे असते. तेव्हा तिकीट घेताना दिल्लीत किती वाजता उतरतो आणि किती वाजता उडतो एवढेच बघायचे.

एका तिकिटाचा एक नियम मात्र अनेकांना माहीत नसतो आणि तो महागात पडतो. तिकिटातला पहिला टप्पा सोडता येत नाही. पुणे-दिल्ली-फ्रँकफर्ट तिकीट काढले आणि दिल्लीत लग्न आहे म्हणून दोन दिवस आधी रेल्वेने दिल्लीला गेलात, तर पुण्याला तुम्ही न आल्याची नोंद होते आणि पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, रद्द होतात. असा बदल करायचा असेल तर कंपनीला आधी सांगून तिकीट बदलून घ्यावे लागते, आणि त्याचे पैसे पडतात.

बंगळुरूचा मार्ग थोडक्यात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस दुपारी सांगली-मिरजेहून निघते आणि सकाळी बंगळुरूला पोचवते. विमानतळ शहराच्या उत्तरेला, स्टेशनपासून पस्तीसेक किलोमीटर. ज्याची मुलगी-जावई तिथे आहेत त्याने हा मार्ग जरूर धरावा: दिवस त्यांच्याकडे काढायचा, रात्री विमान. ज्याचे कोणी नाही त्याला महालक्ष्मीसारखीच अडचण, दिवसभर सामान घेऊन हिंडायचे.

तिकीट घेताना विमानतळाची तीन अक्षरे नीट वाचावीत. मुंबईत आता दोन विमानतळ आहेत. जुना BOM आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झालेला नवी मुंबईचा NMI. सांगलीहून रस्त्याने येणाऱ्याला नवी मुंबई जवळ, द्रुतगती मार्ग संपला की थोड्याच अंतरावर. फ्रँकफर्टसारखे लांबचे विमान तिथून आहे की नाही, ते त्या-त्या वेळी बघायचे. पण घोटाळा होतो तो वेगळ्या तिकिटांचा जोड लावताना: देशांतर्गत विमान NMI ला उतरते आणि परदेशी BOM हून सुटते, मध्ये खाडी आणि तास-दीड तासाची वाहतूक. गोव्यालाही तसेच, दाभोळी GOI आणि मोपा GOX, एक दक्षिणेला आणि एक उत्तरेच्या टोकाला. मुंबईच्या जुन्या विमानतळात तर पहिले आणि दुसरे टर्मिनलही एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरवर आहेत.

परतीचा विचार बहुतेक लोक जाण्याच्या मार्गाचा आरसा म्हणून करतात, आणि तो तसा नसतो. परदेशातून येताना भारतात जिथे पहिल्यांदा उतरतो तिथे पारपत्र तपासणी आणि सीमाशुल्क होते. एका तिकिटावर असलात तरी बॅगा तिथे उतरवून घ्यायच्या, सीमाशुल्कातून बाहेर काढायच्या आणि पुन्हा पुढच्या विमानाला द्यायच्या. दिल्लीमार्गे पुण्याला येताना दोन तासांचा जोड म्हणूनच जाण्यापेक्षा येताना अधिक तंग पडतो. येताना किमान साडेतीन-चार तास असलेला जोड निवडावा.

मुंबईला उतरणारी युरोपची विमानेही बहुधा मध्यरात्रीच्या आसपास येतात. एकला उतरले, बॅगा मिळून बाहेर पडेपर्यंत अडीच. घरचे गाडी घेऊन आलेले असतात, आणि मग तीनला द्रुतगती मार्ग, पहाटे चार-पाचला खंडाळा आणि सहाला पुणे. चालकाची झोप सगळ्यात जड असते ती याच वेळेला. भाड्याचा चालक आदल्या दिवशी दुपारी सांगलीहून निघून नऊ तास गाडी चालवत आलेला असतो हे आपण विसरतो. मला हा बेत पटत नाही. विमानतळावरच पहाटेपर्यंत बसावे, उजाडल्यावर सीएसएमटीला जाऊन सकाळी पावणेनऊच्या सुमाराची कोयना धरावी, संध्याकाळी सांगली. आरक्षण मिळाले नाही तर चालकाला आधी दोन-चार तास झोपू द्यावे आणि सहा-सातला निघावे.

जाण्याचा आणि येण्याचा विमानतळ एकच हवा असे बंधन नसते. जाताना मुंबई आणि येताना हैदराबाद, किंवा उलटे, अशी तिकिटे एकाच कंपनीकडे मिळतात. संकेतस्थळावर ‘मल्टी सिटी’ हा पर्याय असतो; साधारणतः दोन्ही मार्गांच्या परतीच्या भाड्याचे निम्मे-निम्मे धरले जाते, म्हणून ते फारसे महाग पडत नाही. दोन एकेरी तिकिटे काढली तर मात्र बहुतेक वेळा महाग पडते.

काका-काकूंसाठी मी सुचवले ते असे: जाताना मुंबईचे थेट विमान, रस्त्याचा खर्च धरून, आणि साठाव्या दिवशी कोयनेचे आरक्षण बघायचे. डिसेंबरात दिल्लीचे धुके नको आणि ४६ किलो सामान घेऊन कोल्हापूर नको. येण्याची तारीख मार्चची आहे, तेव्हा धुके सरलेले असते. म्हणून येताना दिल्लीमार्गे पुणे, जोड सकाळचा, चार तासांचा. पुण्याहून सांगलीला गाडी दुपारी, उजेड असतानाच कराड ओलांडेल अशी. हे उत्तर विश्रामबागेचे आहे. याच जिल्ह्यात जतला राहणाऱ्याचे वेगळे निघेल. त्याला सांगली गाठायलाच दोन तास लागतात, विजापूर मात्र साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे, आणि हैदराबादला रस्त्याने जायचे तर सांगलीकर जिथून निघतो त्याच्या बराच पुढून त्याचा प्रवास सुरू होतो. त्याने मुंबईचे भाडे बघण्याआधी हैदराबादचे बघावे.